राखाडी गाडीला हात न लावता

भुंग्या,

वाढदिवसाचे आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर. आधी कामाचं बोलतो, कारण हे पत्र तुझ्या आधी तुझे बाबा वाचणार हे मला माहीत आहे. वाचा, भावोजी, सावकाश वाचा. चष्मा लावून वाचा. पान मधेच फाडलंत तरी चालेल, दुसरी प्रत माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी मी तुला पेचकसांचा संच पाठवला होता. तो चौथ्या दिवशी परत आला. वर चिठ्ठी, सुंदर अक्षरात: ‘असल्या वस्तूंची आमच्याकडे गरज नसते.’ बरोबर आहे. ज्यांच्या घरात नळाचा वॉशर बदलायलासुद्धा माणूस येतो, त्यांना पेचकस काय करायचा? तेव्हा मी गप्प बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची मला सवय आहे.

पण तीन आठवड्यांपूर्वी फोनवर तू जे बोललास ते काही पचलं नाही. मी विचारलं, वाढदिवसाला काय हवं? तू म्हणालास, काही नको. मी म्हटलं, अरे लेका, माग की, मामा आहे मी तुझा. तर तू म्हणालास, “मामा, बाबा म्हणतात की तुला साधी एक गाडी काढता आली नाही, म्हणून आजी अशी झाली.” आणि वर, “नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात बाबा.” मागून तुझ्या आईचा ‘शूऽऽ’ ऐकू आला आणि फोन ठेवला गेला.

बारा वर्षांचा मुलगा स्वतःहून असं बोलत नाही. विहिरीत असतं तेच पोहऱ्यात येतं. तुझ्यावर राग नाही. असं लिहितोय खरं, पण थोडा आहेच, खोटं कशाला बोलू? ज्या पोराला खांद्यावर बसवून मी अख्खं आवार फिरवलं, जे पोर दिवसभर तोंडाने गाडीचा भुंऽऽ आवाज करायचं म्हणून मीच ज्याचं नाव भुंग्या ठेवलं, ते पोर मला सांगतंय की तुझ्यामुळे आजी लुळी पडली. सहा वर्षं दुनिया मला नालायक म्हणाली, मी हूं की चूं केलं नाही. पण तू तसं समजून मोठा होणार असशील तर ते मला चालणार नाही. बाकी काही गेलं तरी जाऊ दे, एवढं नाही.

म्हणून हा खेळ पाठवतोय. डबा उघड.

आत एक पट आहे, सहा घरं आडवी, सहा उभी. वर प्लास्टिकच्या गाड्या. छोटी गाडी दोन घरांची, मोठी तीन घरांची. नियम एवढाच: गाडी ज्या दिशेला तोंड करून उभी आहे त्या दिशेनेच पुढे-मागे सरकते. बाजूला सरकत नाही, वळत नाही, उचलायची तर नाहीच. वरून तिसऱ्या रांगेत उजव्या कडेला एक फट आहे, ते फाटक. त्या रांगेतली लाल गाडी फाटकातून बाहेर काढायची. डब्यात चाळीस चित्रं आहेत. चित्रात दाखवल्याप्रमाणे गाड्या मांडायच्या आणि लाल सोडवायची. सोपी चित्रं पाच मिनिटांत सुटतात, शेवटची दहा डोकं पिकवतात.

दुकानात हा खेळ पाहिला तेव्हा मी तिथेच मोठ्याने हसलो. दुकानदार म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, अहो, हे मी चौदा वर्षं केलंय, आणि खऱ्या गाड्यांनी.

तुला आठवत नसेल. तुझ्या बाबांच्या ऑफिसच्या मागे ते आवार होतं. पंधरा गाड्यांची जागा आणि रोज अठ्ठावीस गाड्या. मग त्या एकीला एक चिकटून लावायच्या. लावणारा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवतो, हँडब्रेक सोडतो आणि चावी घेऊन जातो. आतल्या कुणाला बाहेर पडायचं असेल तर मी मधल्या गाड्या ढकलून वाट करतो. चावी नसली की स्टिअरिंग अडकलेलं असतं, म्हणून गाडी फक्त सरळ जाते, पुढे किंवा मागे. हुबेहूब हा खेळ. मागच्या काचेखाली दोन्ही तळवे टेकवायचे, पाय मागे रोवायचे आणि पहिला झटका द्यायचा. एकदा चाक फिरलं की मग गाडी लाडात येते. कुठली ढकलली की कुठली सुटेल, कुणाला आधी हलवायचं, कुणाला परत जागेवर आणायचं, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. चौदा वर्षांत एक ओरखडा नाही. भावोजी, एक ओरखडा नाही, हे दोनदा वाचा.

पण ही सगळी व्यवस्था एका गोष्टीवर उभी असते. प्रत्येकाने हँडब्रेक सोडला पाहिजे. एकाने जरी ओढून ठेवला तर त्याच्या मागेपुढे असलेल्या सगळ्यांची वाट लागते. हे आवाराच्या दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. शिकलेल्या माणसांना वाचता येतं असा माझा समज होता.

आता डब्यात नसलेलं एक्केचाळिसावं चित्र बघ. जाड पुठ्ठ्यावर मी स्वतः काढलंय, पट्टीने, पेनाने. पटाची वरची कड म्हणजे आवाराची मागची भिंत, उजवी कड म्हणजे फाटकाची बाजू. तिसऱ्या रांगेत अगदी डाव्या कडेला लागून लाल गाडी. ती आवाराशेजारी चष्म्यांचं दुकान होतं त्या चष्मेवाल्याची. तिच्यापुढे एक घर मोकळं, आणि मग चौथ्या घरात निळी, उभी, दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत बसलेली. लालची वाट तिनेच अडवलीय. निळीच्या खाली, चौथ्या रांगेत, चौथ्या-पाचव्या घरात आडवी राखाडी. निळीच्या वर, भिंतीला लागून, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या घरात औषधवाल्याची लांब व्हॅन. वरच्या डाव्या कोपऱ्यात पांढरी, उभी, पहिल्या दोन रांगांत. बाकी गाड्या खाली गर्दीला आहेत, त्यांचा या भानगडीशी संबंध नाही.

कसं सुटतं? राखाडी एक घर उजवीकडे. निळी दोन घरं खाली. लाल बाहेर. तीन चाली. शेंबडं पोर सोडवेल. खऱ्या आवारात मला एक मिनिट पुरलं असतं.

आता तू राखाडी सरकवून बघ. नाही ना सरकत? मी तिच्या खाली चिकटपट्टी लावलीय, चांगली दोन पदरी. ती हलणार नाही. तू तासभर डोकं खाजव, आणि मग हा पट घेऊन बाबांसमोर जा आणि विचार, “बाबा, ही राखाडी गाडी कुणाची होती?”

बघू काय सांगतात ते.

मीच सांगतो. तीन आठवडे झाले होते ती गाडी घेऊन. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “हे बघ, माझ्या गाडीला हात लावायचा नाही. तुझे हात घाणेरडे असतात, ढकलताना अंगठ्या-बिंगठ्या लागतात.” माझ्या बोटात आजवर एक अंगठी नाही, रे. मी म्हटलं, भावोजी, ब्रेक सोडून ठेवा, नाहीतर इतरांची अडचण होते. म्हणाले, “इतरांनी आपलं बघावं.” आणि रोज हँडब्रेक ओढून, वर गिअर टाकून, चावी खिशात घालून जायचे. मेव्हणा म्हणून मी मालकाला सांगितलं नाही. माझीच चूक. सोयरीक बघून नियम मोडू दिला.

त्या दिवशी दुपारी आई माझा डबा घेऊन आली होती. रोज यायची. मी जेवेपर्यंत भिंतीजवळच्या स्टुलावर बसायची आणि मी गाड्या कशा ढकलतो ते बघत राहायची. कधीकधी म्हणायची, “अरे, आधी ती कोपऱ्यातली काढ ना, मग ही आपोआप सुटते.” मी म्हणायचो, तू गप बस, तुला काय कळतंय. त्या दिवशी डबा माझ्या हातात देताना तिचा उजवा हात खाली पडला. डबा नाही, हातच. तोंड वाकडं झालं. चष्मेवाला दुकानातून धावत आला. त्याने अँब्युलन्सला फोन केला, तिकडून उत्तर आलं की अर्धा तास लागेल. तो म्हणाला, “माझी गाडी काढ, मी नेतो.” त्याची बायको टॅक्सी मिळते का बघायला चौकाकडे पळाली. आम्ही आईला लाल गाडीच्या मागच्या सीटवर टेकवलं. चष्मेवाला स्टिअरिंगवर बसला. आणि मी राखाडी ढकलायला गेलो.

दगड होता तो दगड. मी पाठ लावली, खांदा लावला. चार माणसं असती तर उचलून सरकवली असती, पण मी एकटा. तुझ्या बाबांना फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. सात वेळा केला. साहेब चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात नव्हतेच, मित्राच्या गाडीतून कुठेतरी जेवायला गेले होते. मी बंपरला लाथ मारली. पुन्हा मारली. आई आतून काचेवर हात आपटत होती, घाबरली होती बिचारी. मी ओरडलो, “गप पड, आई, काढतो!” अकराव्या मिनिटाला चष्मेवाल्याची बायको टॅक्सी घेऊन फाटकात आली. आईला उचलून तिकडे नेलं. लाल गाडी जागची हललीच नाही.

डॉक्टर म्हणाले, “या आजारात मिनिटं मोजतात.” एवढंच म्हणाले. मी मोजली. सहा वर्षं मोजतोय.

संध्याकाळी तुझे बाबा हॉस्पिटलात आले. त्याआधी आवारात जाऊन गुपचूप गाडी घरी ठेवून आले होते, हे मला चष्मेवाल्याने नंतर सांगितलं. आल्यावर सगळ्यांसमोर, तुझ्या आईसमोर, नर्ससमोर काय म्हणाले? “जन्मभर गाड्याच ढकलल्या, आणि सख्ख्या आईच्या वेळेला याला एक गाडी काढता आली नाही!” चोराच्या उलट्या बोंबा! मी तोंड उघडणार होतो. पण ताई तुला पोटाशी धरून उभी होती, रडून रडून डोळे सुजले होते तिचे. म्हटलं, आत्ता बोललो तर हिचं घर मोडेल. मूग गिळले. दुसऱ्या दिवशी बंपरला पोचा आलाय अशी तक्रार मालकाकडे गेली आणि माझी नोकरी गेली. आता मी हॉस्पिटलात सामानाची लिफ्ट चालवतो. तीही सरळच जाते, वर नाहीतर खाली.

तर हे असं आहे. राखाडी गाडी अडली की लाल सुटत नाही. पटावर दिसतंय. यात मामाचा दोष कुठे आहे ते दाखव, आणि नसेल दाखवता येत तर तुझ्या बाबांना त्यांचंच वाक्य परत दे.

इथपर्यंत मी सोमवारी लिहिलं. पाकीट बंद करणार होतो, पण डिंक संपला होता. आज गुरुवार आहे. वरचं काही खोडत नाही, कारण त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण पुढे लिहावं लागतंय.

पट मी एक्केचाळिसाव्या चित्राप्रमाणे मांडून आईच्या खाटेजवळच्या टेबलावर ठेवला होता, राखाडी चिकटवून. तुला माहीत आहे ना, तुझी आजी आता कशी आहे ते? वर्षातून दोनदा येतोस, दारात उभा राहून जातोस, म्हणून विचारतो. उजवी बाजू गेली. शब्द तीन-चार उरलेत: हं, नको, तू, गेली. दिवा गेला तरी गेली, ताई गेली तरी गेली. पण डावा हात शाबूत आहे. त्या एका हाताने ती शेंगा सोलते, माझ्या शर्टाची बटणं लावते, रागावली की उशी फेकते. नेमही चांगला आहे.

काल दुपारी मी कामावरून आलो. हात धुतले, तिचा चहा केला. कप ठेवायला गेलो तर ती पटावर वाकलेली. मला वाटलं, रंगीत आहे म्हणून खेळतेय पोरासारखी. म्हटलं, “आई, ते सुटत नाही. ती राखाडी मी चिकटवलीय.” तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

तिने लाल गाडी एक घर पुढे घेतली. निळीला नाक टेकेपर्यंत. मी मनात म्हटलं, ही बघ, अडलेल्या गाडीवरच नेऊन घालतेय. मग तिने कोपऱ्यातली पांढरी एक घर खाली आणली, लालने सोडलेल्या जागेत. कोपरा मोकळा झाला. मग भिंतीकडची लांब व्हॅन एक घर डावीकडे, त्या कोपऱ्यात. निळीच्या डोक्यावरचं घर मोकळं झालं. निळी एक घर वर. आणि मग तिने एका बोटाने लाल गाडी सरळ ढकलली, ती फटीतून टेबलावरून खाली पडली आणि खाटेखाली गेली.

“गेली,” आई म्हणाली.

पाच चाली. राखाडी गाडीला हात न लावता.

मी चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवला. मग खाटेखालून लाल गाडी काढली, सगळं पुन्हा मांडलं आणि स्वतः करून बघितलं. सुटलं. पुन्हा मांडलं. पुन्हा सुटलं. कुठे लबाडी नव्हती. चित्र मीच काढलं होतं, त्या दिवशीच्या गाड्या मला झोपेतही दिसतात. एकही चुकीच्या जागी नव्हती.

आता तू विचारशील, मामा, चौदा वर्षं केलंस, तुला कसं सुचलं नाही? सांगतो, लाज सोडून सांगतो. पांढरी आणि व्हॅन या मासिक पासवाल्यांच्या गाड्या. मालकाचा हुकूम होता, पासवाल्यांच्या रांगेला दिवसा हात लावायचा नाही, ते रात्रीच निघतात. चौदा वर्षं मी ती रांग भिंतीत धरली होती. ती गाड्यांची आहे हेच विसरलो होतो. न्यूट्रलमध्ये होत्या दोन्ही. व्हॅनच्या मागच्या चाकाला टेकून मी रोज जेवायचो. काखेत कळसा म्हणतात तो हा.

आणि त्याहून वाईट सांगतो. चष्मेवाल्याने स्टिअरिंगवरून विचारलं होतं. “जरा पुढे घेऊ का?” पुढे मोकळी जागा दिसत होती त्याला. त्याने सुरुवात नेमकी बरोबर सुचवली होती, नकळत का होईना. मी त्याच्यावर खेकसलो, “जागचे हलू नका!” कारण माझं सगळं लक्ष राखाडीवर होतं. तुझ्या बाबांवर होतं. लाथ मारत होतो ना मी. मनातल्या मनात त्यांना काय काय ऐकवायचं ते जुळवत होतो. सात वेळा फोन लावला तो सगळा चावीसाठी नव्हता लावला, शेवटचे चार तर शिव्या द्यायलाच लावले. खोटं वाटत असेल तर चष्मेवाल्याला विचार, वाजत्या फोनला मी दिलेल्या शिव्या त्याने ऐकल्यात.

काल मी घड्याळ लावून बसलो. पांढरी ढकलायला किती वेळ, व्हॅनला किती, निळीला किती. हात विसरलेले नाहीत. दोन मिनिटं. फार तर सव्वादोन. म्हणजे राखाडीला वळसा घालायला लागली असती ती दोन तुझ्या बाबांची, आणि अकरातली उरलेली नऊ माझी.

भावोजी, इथे हसू नका. दोन मिनिटं तुमची आहेतच. ब्रेक तुम्हीच ओढला होता आणि सहा वर्षं तोंड तुम्हीच शिवून ठेवलंत, आणि ते पोरासमोर उघडलंत ते असलं बोलायला. माझी नऊ आहेत म्हणून तुमची दोन मी माफ करणार नाही. या जन्मी नाही. तुम्ही दाराशी आलात तर चहा मिळेल, कारण आईचं घर आहे. माझ्याकडून गोड शब्द मिळणार नाही.

भुंग्या, फोनवर तू जे म्हणालास ते खरं होतं. मला एक गाडी काढता आली नाही. अंगण वाकडं होतंच, ते तुझ्या बाबांनी केलं होतं. पण त्या वाकड्या अंगणातून वाट होती आणि मला ती दिसली नाही. हे मी तुला सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. चिकटपट्टी काढून, एक्केचाळिसावं चित्र फाडून, नुसता खेळ पाठवता आला असता. काल संध्याकाळी पुठ्ठा दोन्ही हातांत धरला होता. पण मग मी आणि तुझे बाबा यांत फरक काय राहिला?

म्हणून चित्र आत आहे. राखाडी अजून चिकटलेलीच आहे, तशीच ठेव. आधी तू स्वतः सोडव, उत्तर मी वर लिहून बसलोय ते विसरून जा. मग तोच पट बाबांना मांडून दे. त्यांनाही सोडवू दे. राखाडी कुणाची हे विचारायची गरज पडणार नाही, ते बघतील तेव्हा त्यांना कळेल.

आणखी एक गोष्ट राहिली. ती लिहायची नव्हती, पण लिहिल्याशिवाय पाकीट बंद होत नाही.

काल आईने पट सोडवल्यावर मी तिच्या समोर बसलो. म्हटलं, “आई, हे तुला आत्ता सुचलं, की...” तिने डावा हात उचलला आणि माझ्या मागे दाखवलं. मागे काही नव्हतं, नुसती भिंत. तरी ती दाखवत राहिली, आणि मग बोटांच्या पेरांनी टेबलावर वाजवलं. टक, टक, टक. थांबून पुन्हा. आणि पुन्हा मागे बोट.

मी तो आवाज ओळखला. त्या दिवशी लाल गाडीच्या मागच्या काचेवर तो अकरा मिनिटं चालू होता. उजवा हात गेलेला, जीभ गेलेली, आणि ती डाव्या हाताने काच वाजवून मागे दाखवत होती, कोपऱ्यातल्या पांढऱ्या गाडीकडे. रोज स्टुलावर बसून बघायची ना. आधी ती कोपऱ्यातली काढ, मग ही आपोआप सुटते.

आणि मी तिला म्हटलं होतं, गप पड.

सुखी राहा. वाढदिवसाला नाही, पण नंतर कधीतरी ये, आणि या वेळी दारात उभा राहू नकोस. पट घेऊन ये. तो डब्यात भरल्यापासून आजी टेबलावर हाताने चाचपून बघतेय की तो कुठे गेला.

तुझा,
मामा